कौटिल्याचा जमाखर्च: महसूल, अधिकारी, हेर आणि प्रजा याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाणक्याच्या नावाने व्हॉट्सअॅपवर फिरणारे बहुतेक सुविचार कौटिलीय अर्थशास्त्रात नाहीत. तिथे आहेत कोठारातल्या मापांचे नियम, हिशेबाच्या तारखा, उशीर झाला तर दंड, आणि सरकारी माणूस पैसे कसे खातो याची चक्क यादी. राजाची तिजोरी नोकरांच्या हातूनच भरते, मग त्या हातांवर लक्ष कसं ठेवायचं, ही या ग्रंथाची मोठी चिंता आहे. खालची उत्तरं मुख्यतः त्या चिंतेभोवती फिरतात.

हे चंद्रगुप्त मौर्याच्या कारभाराचं वर्णन आहे का?

तसं गृहीत धरू नये. ग्रंथाची हस्तलिखित प्रत 1905 मध्ये म्हैसूरच्या ग्रंथालयात आली आणि शामशास्त्री यांनी ती 1909 मध्ये छापली. तेव्हापासून काळाचा वाद चालू आहे. परंपरा कर्त्याला मौर्यकाळात, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शेवटी ठेवते. आजचे अनेक अभ्यासक आताच्या रूपातला ग्रंथ इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला मानतात. वाद कसाही मिटो, एक गोष्ट नक्की: यातली वाक्यं ‘करावे’, ‘ठेवावे’, ‘दंड करावा’ अशी आहेत. राज्य कसं होतं याचा हा वृत्तांत नाही, ते कसं चालवावं याची ही नियमावली आहे. मात्र नियम जिथे फार बारीक होतात तिथे लिहिणाऱ्याने कुठलं तरी सरकारी दफ्तर आतून पाहिलेलं असावं, असं मला वाटतं.

राज्याचं उत्पन्न कशाकशातून यायचं?

उत्पन्नाची सात अंगं सांगितली आहेत: दुर्ग (म्हणजे नगर), राष्ट्र (ग्रामीण मुलूख), खाणी, सेतू (बागा, मळे वगैरे ओलिताची जमीन), वन, व्रज (गुरांचे कळप) आणि वणिक्पथ (व्यापारी मार्ग). या सगळ्यावर देखरेख करणारा अधिकारी म्हणजे समाहर्ता. जमा झालेला माल सांभाळणारा तो संनिधाता. कोश, कोठार, शस्त्रागार आणि तुरुंगसुद्धा त्याच्याच ताब्यात. वसूल करणारा एक आणि साठवणारा दुसरा, ही विभागणी मुद्दाम केलेली दिसते.

शेतीचा हिस्सा साधारण एक षष्ठांश. ‘राजाला सहावा वाटा’ हे आपण शाळेपासून ऐकतो, पण तेवढ्यावर भागत नव्हतं. पाण्याचा वेगळा भाग होता. हाताने पाणी काढून भिजवलं तर उत्पन्नाचा पाचवा हिस्सा, खांद्यावरून वाहून आणलं तर चौथा, यंत्राने प्रवाह सोडून भिजवलं तर तिसरा. वर जकात, वेठ, दंड आणि राजाच्या स्वतःच्या जमिनीचं, म्हणजे सीतेचं उत्पन्न.

मापातही एक गंमत आहे. द्रोण हे धान्याचं माप, पण ते चार आकारांचं सांगितलं आहे. कोठारात धान्य घेताना 200 पल वजनाचा द्रोण, व्यापारात साडेसत्त्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे 187½ पलांचा, पगारापोटी धान्य देताना 175 पलांचा आणि अंतःपुराला देताना 162½ पलांचा. घेताना आणि देताना शब्द तोच ‘एक द्रोण’, पण मध्ये आठवा हिस्सा सरकारजमा. आणि हे चोरून नाही, नियमाने!

पीक किती येईल याचा अंदाज सरकारला कसा यायचा?

कोठारात एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे. कुठे किती पाऊस पुरेसा, याचे आकडेही आहेत: कोरड्या प्रदेशात 16 द्रोण, पाणथळ भागात त्याच्या दीडपट, अवंतीत 23 द्रोण. अपरांताबद्दल, म्हणजे आपल्या कोकणाबद्दल, ‘अमित’ एवढाच शब्द आहे. कोकणातला आषाढ पाहिलेल्या कुणालाही तो पटेल.

गावातल्या धान्याची नोंद कोण ठेवायचं?

गोप नावाचा अधिकारी. त्याच्याकडे पाच किंवा दहा गावं. त्याच्या वर मुलखाच्या चौथ्या हिश्शावरचा, स्थानिक नावाचा अधिकारी, आणि स्थानिकाच्या वर समाहर्ता.

गोपाची नोंदवही फार भरलेली असायला हवी होती. गावाच्या सीमा, शेतं, घरं, कोणतं घर कर भरतं आणि कोणाला सूट आहे, शेतकरी, गुराखी, व्यापारी, कारागीर, मजूर, दास किती, बायका, पुरुष, मुलं, म्हातारे किती, गुरं किती, कोण काय काम करतं, त्याचं उत्पन्न किती आणि खर्च किती. गावकऱ्यांच्या घरखर्चाची नोंद सरकारला का हवी, असा प्रश्न पडेल. ज्याचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आहे त्याच्याकडे पैसा कुठून येतो, हे कळायला ती नोंद उपयोगी पडते.

वर्षाचा हिशेब कधी आणि कसा द्यायचा?

हिशेबाचं वर्ष 354 दिवसांचं, आणि ते आषाढी पौर्णिमेला संपतं. पंढरीची एकादशी झाली की चार दिवसांनी कौटिल्याचं आर्थिक वर्ष संपणार. अधिक महिन्याचा हिशेब वेगळा धरायचा.

आषाढीला सगळे हिशेबनीस अक्षपटलात, म्हणजे मध्यवर्ती दफ्तरात हजर व्हायचे. सोबत मोहोरबंद हिशेबपुस्तकं आणि शिल्लक. इथे एक साधा, पण धूर्त नियम आहे: आलेल्यांना एकमेकांशी बोलू द्यायचं नाही. एका खात्याने दिलेला माल दुसऱ्याने घेतलेला असतो. दोघांना आकडे जुळवून घ्यायची संधी दाराशीच मिळाली, तर तपासणीला अर्थ उरत नाही. मग प्रत्येकाची जमा, खर्च आणि नीवी, म्हणजे शिल्लक, तपासायची. नीवी लिहिलेल्यापेक्षा कमी निघाली की प्रश्न सुरू.

वेळेवर न येणाऱ्याला, किंवा पुस्तकं आणि शिल्लक न आणणाऱ्याला, देण्याच्या दहाव्या हिश्शाएवढा दंड. मला आवडलेला नियम पुढचा आहे. तपासनीस आला आणि हिशेबनीस तयार नसेल, तर हिशेबनिसाला दंड. पण हिशेबनीस पुस्तकं घेऊन हजर आणि तपासनीसच तयार नसेल, तर त्याला दुप्पट दंड. दफ्तरात खेटे घातलेल्या कोणालाही या ओळीने समाधान वाटेल.

अफरातफरीचे ते चाळीस प्रकार कोणते?

दुसऱ्या अधिकरणाच्या, म्हणजे खंडाच्या, आठव्या अध्यायात ती यादी आहे. चाळीसच्या चाळीस इथे देत नाही, कारण त्या थोड्याच साच्यांतल्या जोड्या आहेत. आधी वसूल झालेलं नंतर जमा दाखवणं, आणि नंतर होणारं आधीच झालं म्हणून लिहिणं. जास्त वसूल करून कमी लिहिणं. एकाकडून आलेलं दुसऱ्याच्या नावावर टाकणं. थोडं देऊन पुष्कळ दिलं असं लिहिणं. महाग माल स्वस्त मालाशी बदलणं. किंमत चढवणं किंवा उतरवणं. महिन्याच्या दिवसांत घोळ घालणं, म्हणजे पंधरा दिवस राबलेल्या मजुरांचा पूर्ण महिन्याचा खर्च लावणं. आणि शेवटी वजनात, मोजण्यात, भांड्यात फरक करणं. वर सांगितलेले चार आकारांचे द्रोण आठवा. एकाच शब्दाची चार मापं असली की कोठारातल्या माणसाला किती वाव मिळतो! हा दरवाजा सरकारनेच उघडा ठेवला होता.

पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, तसा कामावरचा अधिकारी पैसा कधी खातो ते कळत नाही, हे प्रसिद्ध वाक्य पुढच्याच अध्यायातलं. ते एकटं वाचलं तर हताश वाटतं. यादीच्या शेजारी ठेवून वाचलं, तर लिहिणाऱ्याला बहुतेक युक्त्या पाठ होत्या हे लक्षात येतं.

मग चोरी पकडायची कशी? उदाहरण देऊन सांगाल का?

एक काल्पनिक गाव घेऊ. आकडे माझे, पद्धत ग्रंथातली.

गावात 720 द्रोण धान्य पिकलं. सहावा हिस्सा 120 द्रोण. गोपाने पीक 576 द्रोण लिहिलं आणि कोठारात 96 द्रोण पाठवले. शेतकऱ्याकडून मात्र 120 घेतलेले आहेत. मधले 24 द्रोण गोपाच्या घरात. यादीतला ‘पुष्कळ वसूल झालं, थोडं लिहिलं’ हा प्रकार. कोठाराच्या पुस्तकात सगळं जुळतं: 96 लिहिले, 96 आले. आषाढीच्या तपासणीत काहीच सापडणार नाही.

म्हणून नोंदीचा दुसरा प्रवाह लागतो. समाहर्ता त्या गावात गृहस्थाच्या वेषातले हेर ठेवतो. त्यांचं काम शत्रू शोधणं नाही. शेतांचं माप किती, पीक किती आलं, कोणत्या घराला कर आणि कोणाला सूट, कुटुंबं किती, हेच ते मोजतात. म्हणजे गोपाचीच नोंदवही ते गुपचूप दुसऱ्यांदा लिहितात. व्यापाऱ्याच्या वेषातले हेर मालाचं प्रमाण आणि भाव बघतात. तापसाच्या वेषातले हेर शेतकरी, व्यापारी आणि खुद्द अधिकारी यांच्या सचोटीची खबर ठेवतात. समाहर्त्यापुढे एका बाजूला 576 आणि दुसऱ्या बाजूला 720 आले की फरक उघडा.

मग चौकशी. माल स्वीकारणारा, लिहिणारा, देणारा, देववणारा, सल्ला देणारा अशा सगळ्यांना वेगवेगळं विचारायचं. खोटं बोलेल त्याला मुख्य आरोपीइतकाच दंड. त्यानंतर मुलखात दवंडी: अमुक अधिकाऱ्याने ज्यांना नाडलं असेल त्यांनी येऊन सांगावं. जे सांगतील त्यांचं नुकसान भरून द्यायचं. ज्याने आधी खबर दिली आणि ती सिद्ध झाली, त्याला रकमेचा सहावा हिस्सा; तो त्या अधिकाऱ्याचाच नोकर असेल तर बारावा. आपल्या गावात म्हणजे 4 किंवा 2 द्रोण. आरोप सिद्ध झाला नाही, तर खबर देणाऱ्याला शरीरदंड किंवा पैशाचा दंड. ही शेवटची अट खोट्या तक्रारी रोखते, पण खऱ्या तक्रारदाराचंही तोंड बंद करत असणार.

हेरांवर विश्वास कसा ठेवायचा?

ठेवायचा नाही. हेरांच्या संस्थांनी एकमेकांना ओळखू नये, असा नियम आहे. तीन वेगळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट आली, तरच ती खरी मानायची: ‘त्रयाणामेकवाक्ये संप्रत्ययः’. ज्याच्या खबरा वारंवार चुकतात, त्याला गुपचूप शिक्षा किंवा कामावरून दूर.

एका जागी राहणारे हेर पाच प्रकारचे: कापटिक (विद्यार्थी), उदास्थित (संन्यास सोडलेला), गृहपतिक (शेतकरी), वैदेहक (व्यापारी) आणि तापस. फिरते वेगळे, त्यांत विष देणारे आणि मारेकरीही आहेत. ही बाजू झाकून ‘प्राचीन लेखापरीक्षण’ म्हणून कौतुक करणं बरोबर नाही. पीक मोजणारी आणि माणूस नाहीसा करणारी यंत्रणा इथे एकच आहे.

अधिकाऱ्यांना पगार किती होता?

मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज यांना ‘पण’ नावाची 48,000 नाणी. समाहर्ता आणि संनिधाता यांना 24,000. जागेवरच्या हेरांना 1,000, फिरत्यांना 500. अगदी खालच्या चाकराला 60. हे आकडे वार्षिक मानले जातात. म्हणजे समाहर्ता आणि चाकर यांच्यात चारशे पटींचं अंतर. सगळा पगारखर्च उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शात बसवायचा. वरच्यांना एवढं का, याचं कारणही दिलं आहे: तेवढं मिळालं की ते फितुरीला बळी पडत नाहीत आणि चिडत नाहीत. कामावर मेलेल्याच्या बायकामुलांना वेतन आणि शिधा मिळावा, असंही सांगितलं आहे.

नेमणुकीआधी लोभाची परीक्षा होती. पैशाचं आमिष दाखवून जो ढळत नाही, तोच समाहर्ता किंवा संनिधाता व्हायला योग्य. एकाच खात्यावर एकच माणूस कायम ठेवू नये, प्रमुख अनेक असावेत आणि बदलते असावेत. ते एक झाले तर खातील, भांडले तर काम बुडवतील: ‘संहता भक्षयेयुः, विगृहीता विनाशयेयुः’. या दोहोंमध्ये त्यांना कसं ठेवायचं, याचं सोपं उत्तर कौटिल्याकडेही नाही.

जास्त वसुली करून देणारा अधिकारी चांगला मानला जायचा का?

नाही, आणि माझ्या मते पूर्ण ग्रंथातला हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. जो उत्पन्न घटवतो तो राजाचं धन खातो. जो उत्पन्न दुप्पट करून आणतो तो जनपद, म्हणजे मुलखातली प्रजा, खातो. पैसा राजाच्या तिजोरीत आला असला, तरी ठरलेल्यापेक्षा दुप्पट कुठून आला हे विचारायचं, आणि त्याला आवरायचं.

‘प्रजासुखे सुखं राज्ञः’ हे वचन सगळीकडे छापलं जातं. प्रजेच्या सुखात राजाचं सुख, हे प्रेमळ वाक्य म्हणून वाचलं जातं. वरच्या नियमाशेजारी ठेवलं की त्यातला हिशेब दिसतो. पुढच्या वर्षीचा सहावा हिस्सा याच शेतकऱ्याकडून यायचा आहे. त्याचं बियाणं यंदाच उचललं, तर पुढे कोठार रिकामं.

प्रजेसाठी प्रत्यक्षात काय करायला सांगितलं आहे?

नवी वस्ती करताना शेतकऱ्याला धान्य, गुरं, पैसा उसने द्यावेत. त्याने ते सवडीने फेडावेत. नवा तलाव किंवा बांध घातला तर पाच वर्षं परिहार, म्हणजे करमाफी, मोडलेला दुरुस्त केला तर चार. अनाथ मुलं, म्हातारे, संकटात सापडलेले यांचं पोषण राजाने करावं. मुलखातून आलेल्या साठ्याचा अर्धा भाग आपत्तीसाठी राखून ठेवावा, आणि नवं धान्य आलं की जुनं काढून घ्यावं. दुष्काळात बियाणं आणि शिधा द्यावा, किंवा अन्नाच्या मोबदल्यात बांधकामं काढावीत. रोजगार हमीच्या मुलखात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बारकावा बघायचा तर सूत खात्याचा. घराबाहेर न पडणाऱ्या विधवा, अपंग बायका यांना सूतकताईचं काम द्यावं, आणि ते आपल्या दासींकरवी घरपोच पाठवावं. ज्या स्वतः सूतशाळेत येतील त्यांचा माल पहाटे घ्यावा. दिवा असावा तो सूत तपासण्यापुरताच. अधिकाऱ्याने बाईच्या तोंडाकडे पाहिलं किंवा इतर गोष्टी काढल्या, तर पहिल्या दर्जाचा दंड. मजुरी द्यायला उशीर केला, तर त्याहून मोठा, मधल्या दर्जाचा दंड.

आणि तिजोरी रिकामी झाली तर?

तेव्हा हाच ग्रंथ फार वेगळ्या आवाजात बोलतो. सुपीक भागातून तिसरा किंवा चौथा हिस्सा मागावा. याला ‘प्रणय’ असं गोड नाव आहे. तो एकदाच मागावा, दुसऱ्यांदा नाही. तेवढ्याने भागलं नाही, तर रातोरात देवस्थान उभं करून यात्रा भरवावी, अनेक फण्यांचा नाग दाखवून पैसे घ्यावेत, अशा युक्त्या सांगितल्या आहेत. हे द्रोही आणि अधार्मिक लोकांशीच करावं, असं नंतर जोडलं आहे, पण कोण द्रोही हे ठरवणार राजाच.

यातलं काही प्रत्यक्षात घडल्याचा पुरावा आहे का?

तुरळक, पण चांगला. गोरखपूरजवळच्या सोहगौरा ताम्रपटात आपत्तीच्या वेळी वापरायच्या कोठारांचा उल्लेख आहे. जुनागढला रुद्रदामनाचा सुमारे इ.स. 150 चा शिलालेख आहे. फुटलेला सुदर्शन तलाव आपण स्वतःच्या कोशातून बांधला, आणि त्यासाठी लोकांना कर, वेठ आणि प्रणय यांचा त्रास दिला नाही, असं तो सांगतो. म्हणजे प्रणय पोथीपुरता नव्हता. राजाने तो घेतला नाही हे दगडावर कोरायला लावावं, इतका तो लोकांना ठाऊक होता.

आपल्याकडचा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. गौतमीपुत्र सातकर्णी आपल्या अठराव्या राज्यवर्षी गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आज्ञा देतो: त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना 200 निवर्तनं शेत द्यावं. त्या शेतात सैनिकांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, मुलखाच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. या सवलतींना तिथेही ‘परिहार’ असाच शब्द आहे. चोविसाव्या वर्षी पुन्हा आज्ञा निघते, आता अमात्य श्यामकाच्या नावे: आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून दुसरीकडे 100 निवर्तनं द्यावीत. दान कागदावर राहिलं होतं. ते कळलं आणि निम्म्या का होईना, जमिनीवर दुरुस्त झालं. कौटिल्य अशा दुरुस्तीविषयी फार बोलत नाही. त्याचं लक्ष चोर पकडण्यावर जास्त आहे.

मराठी वाचकाने सुरुवात कुठून करावी?

पहिल्या पानापासून नको. तिथे विद्यांची चर्चा आहे आणि अनेकांचा उत्साह तिथेच मावळतो. दुसऱ्या अधिकरणातले सात, आठ आणि नऊ हे अध्याय आधी वाचा: दफ्तर, अफरातफर आणि अधिकाऱ्यांची परीक्षा. मग त्याच अधिकरणातला पस्तिसावा, गोप आणि वेषांतरातल्या हेरांचा. पगारासाठी पाचव्या अधिकरणाचा तिसरा अध्याय, आणि लगेच त्याच्या आधीचा दुसरा, रिकाम्या तिजोरीचा. मुंबई विद्यापीठाने 1960 पासून प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले यांची संशोधित आवृत्ती अभ्यासकांच्या रोजच्या वापरातली आहे. अध्याय आणि सूत्रांचे क्रमांक पडताळायचे तर तीच हाताशी ठेवावी.